पाच एमबीपीएसची अपलोड लाइन आणि वीस वर्षांचे फोटो: पहिल्या बॅकअपचं वेळापत्रक

प्रश्न: नमस्कार. मी चिपळूणला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. २००४ पासूनचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ६४० जीबी एका जुन्या एक्सटर्नल हार्ड डिस्कवर आहेत. २०२१ च्या पुरानंतर धास्ती घेतली आणि आता गूगल ड्राइव्हची २ टीबीची जागा विकत घेतली. स्पीड टेस्टमध्ये अपलोड ५ एमबीपीएस दिसतो. ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकले, पण चार दिवसांत ५२ जीबीच गेलं. वर घरातले म्हणतात की व्हिडिओ कॉल अडकतात. या हिशेबाने दीड महिना लागेल. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे. काय करावं?

उत्तर:

आधी तुमचेच आकडे जरा जवळून पाहू, दुखणं कुठे आहे ते त्यांच्यातच दिसतंय.

स्पीड टेस्ट वेग बिटमध्ये सांगते आणि फाइल आपण बाइटमध्ये मोजतो. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६ एमबी. तासाला हे कागदावर सव्वादोन जीबी होतं. प्रत्यक्षात काही भाग वाटेतच खर्च होतो, म्हणून १.९ जीबी धरा. लाइन चोवीस तास चालली असती तर रोज ४५ जीबी गेलं असतं. तुमचं चार दिवसांत ५२, म्हणजे दिवसाला १३ जीबी गेलं. १३ ला १.९ ने भागलं की जेमतेम सात तास येतात. तुमची लाइन हळू आहे हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट ही की अपलोड दिवसातले सातच तास चालू होतं. उरलेले सतरा तास लॅपटॉप झोपलेला होता.

खात्री करायची असेल तर आज रात्री साडेदहाला झाकण लावण्याआधी ड्राइव्हमध्ये शेवटी पोचलेल्या फाइलचं नाव लिहून ठेवा आणि सकाळी चहाच्या वेळी पुन्हा बघा. नाव तेच असेल तर रात्र फुकट गेली. यावर उपाय सेटिंग्जमध्ये आहे. चार्जर लावलेला असताना स्क्रीन बंद होऊ दे, पण Sleep ला Never करा. झाकण लावल्यावर काय करायचं तिथे Do nothing निवडा. विंडोज अपडेटला Pause updates करून तीन आठवडे थांबवा, नाहीतर एखाद्या पहाटे ते स्वतःच मशीन रीस्टार्ट करेल आणि तुम्हाला दुपारी कळेल. शक्य असेल तर वायफाय सोडून लॅपटॉप केबलने मॉडेमला जोडा.

पण एवढं करून लगेच सुरू करू नका. त्याआधी एक काम आहे, आणि त्यासाठी बाजारात जावं लागेल.

१ टीबीची एक नवी एक्सटर्नल डिस्क घ्या आणि जुन्या डिस्कवरचं सगळं आधी तिच्यावर उतरवा. अपलोड यापुढे या नव्या डिस्कवरून करायचं, जुनी कपाटात ठेवायची. याचं कारण माझ्या अनुभवातलं आहे. एका ओळखीच्या घरी मी असाच बॅकअप लावून दिला होता, थेट त्यांच्या आठ वर्षं जुन्या डिस्कवरून. अशी डिस्क एरवी महिन्यातून एकदा तासभर फिरते. तिला आपण अखंड आठवडाभर गरम होऊ दिलं. नवव्या दिवशी ती टकटक वाजायला लागली आणि संध्याकाळपर्यंत दिसेनाशी झाली. फोल्डर नावाच्या अक्षरक्रमाने जात होते, त्यामुळे ऑफिसच्या समारंभांचे फोटो वर पोचले होते आणि त्यांच्या आईचे खाली राहिले. त्यांना नवी डिस्क आधी घ्यायला सांगितलं नाही, ही माझी चूक होती. ती मी अजून विसरलेलो नाही.

कॉपीला फार वेळ लागत नाही. यूएसबी ३ च्या पोर्टला जुनी डिस्क सेकंदाला ६० ते १०० एमबी वाचते, म्हणजे ६४० जीबीला दोन ते तीन तास. पोर्ट जुना यूएसबी २ असेल तर सहा तास. या कॉपीत जुन्या डिस्कची परीक्षाही होते. एखाद्या फोल्डरवर कॉपी मिनिटभर अडकली, वेग शून्यावर येऊन पुन्हा उसळला किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला, तर ती डिस्क थकली आहे असं समजा. तो फोल्डर वगळून बाकीचं आधी उतरवून घ्या आणि अडलेल्याकडे शेवटी या.

आता कात्री. ६४० जीबीतलं सगळंच वर न्यायचं का? तुमच्या लाइनवर प्रत्येक जीबी अर्ध्या तासाहून जास्त खातो, त्यामुळे थोडी छाटणी नक्की परवडते. वीस वर्षांच्या साठ्यात सर्वांत जास्त जागा बहुधा दुबार प्रती खातात. फोन बदलताना पूर्ण फोन लॅपटॉपवर ओतलेला असतो, पुढच्या वेळी पुन्हा, मग New folder (2) तयार होतो. बाइट न् बाइट सारख्या फाइली शोधण्यासाठी Czkawka नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फक्त Hash वर जुळलेल्या फाइली काढा. ‘सारखे दिसणारे फोटो’ हा पर्याय आत्ता वापरू नका, तो डोळ्यांनी ठरवायचा मामला आहे आणि त्यात महिना जाईल. व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड आलेला ढीगही बाजूला काढा. पुसायचा नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. झिप मात्र करू नका. जेपीईजी आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, झिपने ते नावालाच कमी होतात. उलट २० जीबीच्या झिपमध्ये १९ व्या जीबीला वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

छाटणीनंतर ४७० जीबी उरले असं धरू. त्यातले ५० गेले आहेत. उरलेल्या ४२० मध्ये १८० जीबी फोटो आणि २४० जीबी व्हिडिओ, असा अंदाज करून पुढे जातो. तुमचे आकडे वेगळे निघाले तर याच रीतीने भागाकार करा.

व्हिडिओ कॉल का अडकतात ते आधी सांगतो, कारण वेळापत्रक त्यावरच बसतं. आपण काहीही डाउनलोड करतो किंवा पाहतो, तेव्हा आपल्या बाजूने सतत ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशी छोटी पोच वर जात असते. अपलोडची लाइन फोटोंनी गच्च भरली की ही पोचही मॉडेममधल्या रांगेत मागे उभी राहते. मग डाउनलोडचा वेग शिल्लक असूनही सगळं अडकतं आणि कॉलमधला तुमचा आवाजही त्याच रांगेत थांबतो. अपलोड चालू असताना कमांड प्रॉम्प्टवर हे टाइप करून पाहा:

```
ping -t 8.8.8.8
```

एरवी time पुढे २०–४० ms दिसत असेल आणि अपलोड चालू असताना ३००–४०० च्या पुढे गेला, तर रांग लागली आहे. लाइन पूर्ण भरू न देणं हाच यावर उपाय. दिवसा २ एमबीपीएस बॅकअपला द्यायचे आणि ३ घराला सोडायचे. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात साडेचार एमबीपीएसपर्यंत जाऊ द्यायचं, तरी थोडी फट ठेवायची.

हे ब्राउझरमध्ये जमत नाही. ब्राउझरला वेग बांधता येत नाही, टॅब बंद झाला की काय गेलं आणि काय राहिलं याची यादी नसते, आणि पुन्हा तोच फोल्डर ओढला की काही फाइली दोनदा चढू शकतात. यासाठी मी `rclone` वापरतो. फुकट आहे, दिसायला काळी खिडकी आहे, पण या कामाला याच्याइतकं भरवशाचं दुसरं मला सापडलेलं नाही. एकदा `rclone config` चालवून ड्राइव्ह जोडायचा. त्याला `gdrive` असं नाव द्या आणि परवानगी विचारेल तेव्हा पहिला, पूर्ण प्रवेशाचा पर्याय निवडा. नाहीतर ब्राउझरने आधी चढवलेल्या फाइली त्याला दिसणार नाहीत. मग नोटपॅडमध्ये ही ओळ लिहून फाइल `photo.bat` नावाने डेस्कटॉपवर ठेवा:

```
rclone copy "E:\Photo\2004" gdrive:Photo/2004 --bwlimit "07:00,250k 23:00,550k" --transfers 2 -P
```

यातला E: म्हणजे तुमची नवी डिस्क. दर वेळी तीच अक्षरखूण मिळाली आहे ना ते आधी पाहत जा. `transfers` म्हणजे एका वेळी किती फाइली जायच्या. `bwlimit` मध्ये वेळ आणि वेग आहे. इथे बरेच जण फसतात: हा वेग बाइटमध्ये मोजला जातो, बिटमध्ये नाही. २ एमबीपीएस द्यायचे म्हणून कोणी `2M` लिहिलं तर तो सोळा एमबीपीएसहून जास्त होतो, म्हणजे तुमच्या लाइनला बांध उरतच नाही. `250k` म्हणजे साधारण २ एमबीपीएस आणि `550k` म्हणजे साडेचार.

आणि `copy` हाच शब्द ठेवा. `sync` ही आज्ञा दोन्ही बाजू सारख्या करते. इकडे फाइल नसेल तर तिकडची पुसते. चुकीच्या रिकाम्या फोल्डरवर `sync` चालवलं तर काय होईल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. `copy` तिकडची फाइल पुसत नाही.

वीज गेली, लाइन गेली, काहीही झालं तरी पुन्हा `photo.bat` वर दोनदा क्लिक करायचं. आधी पोचलेल्या फाइली आकार आणि तारखेवरून ओळखून ते सोडून देतं. तारीख जुळली नाही तर आतला मजकूर ताडून पाहतं आणि सारखा असेल तर पुन्हा चढवत नाही. ब्राउझरने गेलेले ५२ जीबीही, फोल्डरची नावं आणि जागा तीच असतील, तर वाया जाणार नाहीत. दोनदा चढलेल्या फाइली असतील तर `rclone dedupe gdrive:Photo` त्या शोधतं, हुबेहूब सारख्या जादा प्रती न विचारताच काढतं आणि एकाच नावाच्या पण वेगळ्या निघालेल्या फाइलींबद्दल विचारतं.

आता दिवसाचा हिशेब. दिवसाच्या सोळा तासांत कागदावर पावणेपंधरा जीबी, रात्रीच्या आठ तासांत सोळा. बेरीज ३१ होते, पण मी २७ धरतो. ४२० ला २७ ने भागलं की साडेपंधरा दिवस. कोकणातला पावसाळा आणि वीज लक्षात घेता पाचातला एक दिवस बुडाला असं धरा, म्हणजे जवळपास तीन आठवडे. दीड महिन्यापेक्षा बरं आहे, पण तुमच्याकडे मुलीचं फायबर आहे, तेव्हा यातला मोठा तुकडा घरून न्यायचाच नाही.

बहुतेक जण इथे म्हणतात, मग सगळीच डिस्क पुण्याला न्या. मी फक्त व्हिडिओ न्यायला सांगेन. गूगल ड्राइव्ह दिवसाला ७५० जीबीपर्यंत कितीही वेगाने घेतो, पण फाइलींची संख्या त्याला जड जाते. सेकंदाला साधारण दोन फाइलींच्या पुढे तो सरकत नाही. १८० जीबी फोटो चार एमबीच्या सरासरीने पंचेचाळीस हजार फाइली होतात. त्या सेकंदाला दोन या दराने सहा तासांहून जास्त घेतील, मग लाइन कितीही रुंद असो. तुमच्या चिपळूणच्या लाइनवर मात्र एक फोटो जायलाच सात-आठ सेकंद लागतात, म्हणून ही मर्यादा तुम्हाला कधी लागतच नाही. फोटो घरून निवांत जाऊ देत: १८० भागिले २७, म्हणजे सात दिवस, एखादा दिवस बुडाला तर आठ-नऊ.

व्हिडिओंचं उलट आहे. घरच्या लाइनवर तेच सर्वांत त्रासदायक. २ जीबीचा एक व्हिडिओ दिवसाच्या बांधलेल्या वेगाने एकटा गेला तरी सव्वादोन तास घेतो. चार व्हिडिओ एकदम पाठवले तर चौघांचा वेग वाटला जातो आणि ते सगळे मिळून नऊ तासांनी संपतात. आठव्या तासाला वीज गेली तर चारही पुन्हा शून्यापासून, कारण अर्धवट गेलेली फाइल ड्राइव्ह ठेवून घेत नाही आणि लॅपटॉप बंद झाल्यावर `rclone` तिथून पुढे उचलत नाही. म्हणून घरून व्हिडिओ पाठवायची वेळ आलीच तर `--transfers 1` करा. मग बुडालं तरी एकाच फाइलचं काम बुडेल. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉडेमला नसते. राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तोही घ्या.

पुण्याला १०० एमबीपीएसवर २४० जीबीला कागदावर साडेपाच तास लागतात, सात-आठ धरा. म्हणजे एक रात्र. जाण्याआधी मुलीला स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा बघायला सांगा, डाउनलोडचा नव्हे. फायबरवर दोन्ही बहुतेक सारखे असतात, पण केबलच्या जोडणीवर ‘शंभर’ म्हणजे खाली येणारे शंभर आणि वर जाणारे दहा असंही असतं. तुमचाच लॅपटॉप न्या, म्हणजे `rclone` ची जोडणी दुसऱ्या मशीनवर करावी लागणार नाही. राउटरला केबलने जोडा. व्हिडिओंच्या फोल्डरसाठी `photo.bat` सारखीच वेगळी ओळ लिहा, तिच्यातून `--bwlimit` काढून टाका आणि `--transfers 4` करा. प्रवासात फक्त नवी डिस्क सोबत असू दे, जुनी चिपळूणला कपाटातच राहू दे. दोन्ही एका पिशवीत घालून एसटीने निघू नका.

डेटाची मर्यादाही एकदा पाहून घ्या, दोन्ही घरांची. अमर्याद म्हटलेल्या योजनांनाही ठरावीक जीबीनंतर वेग कमी करण्याची अट अनेकदा असते आणि त्यात वर गेलेला डेटाही मोजला जाऊ शकतो. बिलाचा महिना कोणत्या तारखेला पालटतो ते बघून सुरुवात केली की काम दोन महिन्यांत विभागता येतं.

क्रमाबद्दल. तुम्ही २००४ पासून सरळ चढत जायचं ठरवलं असेल. त्याऐवजी आधी असं निवडा, जे दुसरीकडे कुठेही नाही: जुन्या अल्बमचे स्कॅन, गेलेल्या माणसांचे फोटो, पुरात कागदावरची प्रत वाहून गेली असेल ते. गेल्या दोन-तीन वर्षांचे फोटो अजून कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतात, ते शेवटी गेले तरी चालेल. वर्षानुसार वेगळ्या ओळी `photo.bat` मध्ये एकाखाली एक लिहिल्या की त्या क्रमानेच जातात, त्यामुळे क्रम तुमच्या हातात राहतो. एक वही ठेवा. रोज सकाळी एक ओळ: तारीख, आजवर किती जीबी. दोन दिवस लागोपाठ २० च्या खाली गेले तर टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये Send चा आकडा पाहा. तो दिवसा २ Mbps च्या आसपास हलता असेल तर मशीन काम करतंय आणि अडचण वीज-लाइनची आहे. शून्य असेल तर `rclone` ची खिडकी बंद पडली आहे किंवा डिस्क निघाली आहे.

प्रत्येक वर्ष संपलं की पडताळणी करा:

```
rclone check "E:\Photo\2004" gdrive:Photo/2004 --one-way
```

हे काही डाउनलोड करत नाही. दोन्हीकडच्या फाइलींची खूण ताडून पाहतं, त्यामुळे हळू लाइनवरही चालतं. शेवटी `0 differences found` दिसलं पाहिजे. काही फरक निघाला तर वरची `copy` ची ओळ पुन्हा चालवली की बहुतेक वेळा सुटतो. त्याच त्या फाइलीवर पुन्हा पुन्हा अडला तर ती फाइल डिस्कवरच खराब आहे का, उघडून पाहा. ही पडताळणी एवढंच सांगते की डिस्कवर आहे तेच वर आहे. डिस्कवरचा फोटोच फाटलेला असेल तर वरही तसाच असेल. म्हणून सगळं संपल्यावर दहा-पंधरा फाइली, त्यात एक जुना स्कॅन आणि एक लांब व्हिडिओ, फोनवर डाउनलोड करून पूर्ण उघडून पाहा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून बघा.

यानंतर महिन्याला नवे दहा-वीस जीबी झाले तर ते एका रात्रीत किंवा दिवसभरात जातील. तीच `photo.bat` महिन्यातून एकदा चालवायची. आणि फोटोंचे आठ-नऊ दिवस पार पडून सगळी पडताळणी झाली की जुनी डिस्क पुढच्या फेरीत पुण्याला मुलीकडे ठेवून या. ती अजून ठीक वाचत असेल तर चिपळूणच्या नदीपासून दूर तिचा उपयोग जास्त आहे.